महागाई उतरली, डाळ चढली

ऑगस्ट २०२४ मधल्या एका सकाळी मी चहाचा पहिला घोट घेतला आणि वर्तमानपत्राचं अर्थपान उघडून मोठ्याने वाचलं, "किरकोळ महागाई ३.५४ टक्क्यांवर, जवळपास पाच वर्षांतला नीचांक." स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही. डबा जोरात बंद केल्याचा आवाज तेवढा आला.

"अगं, महागाई उतरली!"

"कुठल्या स्टेशनवर?" बायको बाहेर आली. हातात तिची हिशेबाची वही. ही वही म्हणजे आमच्या घरची रिझर्व्ह बँक. फरक एवढाच, की हिच्या पतधोरण समितीत मतदान होत नाही. तिने तूरडाळीची पानं उलगडली. जुलै २०२२ ला ११० रुपये किलो, पुढच्या जुलैला १४५, यंदा १७५. "यात उतरलेलं काय ते बोट ठेवून दाखवा."

मी निवृत्त बँकवाला. असा प्रश्न मी सोडतो थोडाच? पेन्सिल घेतली आणि वर्तमानपत्राच्या समासात गणित मांडलं. समजा, जुलै २०२२ मध्ये घरखर्चाची पिशवी शंभर रुपयांना भरत होती. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने डोळे वटारले आणि महागाईचा दर ७.४४ टक्के झाला, म्हणजे पिशवी १०७ रुपये ४४ पैशांवर गेली. यंदाचे ३.५४ टक्के त्या १०७ वर चढले. पिशवी झाली १११ रुपये २४ पैशांची.

"म्हणजे वाढलीच की!"

"वाढलीच. पण वाढण्याचा वेग मंदावला. शिवाय तुलना गेल्या जुलैशी, आणि तो जुलै मुळातच उंच. उंच माणसाशेजारी उभं राहिलं की कुणीही बुटकं दिसतं. याला बेस इफेक्ट म्हणतात." खरं तर ती बातमी गेल्या वर्षीच्या टोमॅटोचीच जास्त होती. मथळ्यात त्याचं नाव नव्हतं एवढंच.

बायको गप्प बसली. मला वाटलं, पटलं. तेवढ्यात तिने विचारलं, "आणि ही पिशवी कुणाची? आपली तर दिसत नाही."

प्रश्न वर्मी लागला. पिशवी सरासरी भारतीय कुटुंबाची. तेव्हा ती २०१२ साल आधार धरून बांधलेली होती. त्यात खाण्यापिण्याचा वाटा होता सुमारे ४६ टक्के, आणि कोपऱ्यात टेपरेकॉर्डर आणि कॅसेटसुद्धा. आमच्याकडे शेवटची कॅसेट कधी आली ते वहीतही सापडेना; मात्र औषधांना तिच्यात स्वतंत्र पान आहे. सरासरी कुटुंब कधी आमच्या जिन्यात भेटलं, तर मी त्यांना आधी विचारणार आहे, की तुम्ही कॅसेट कुठून आणता?

तिला गप्प करायला मी 'गाभा महागाई' काढली. ही मोजताना अन्न आणि इंधन वगळतात, कारण एका पावसाने भाजी भडकते, दुसऱ्याने उतरते, आणि त्या गोंधळात खालचा खरा कल दिसत नाही. कारण चोख आहे. पण चूल पेटवणाऱ्या माणसाला ते सांगायला मी नको होतो. "अन्न आणि इंधन वगळून? म्हणजे गॅस लावायचा नाही आणि जेवायचं नाही. मग उरलेली महागाई मलासुद्धा परवडेल."

अर्थपानाची मराठी मऊ असते, एवढं मात्र मान्य. शेतकऱ्याला मिळतं ते अनुदान. कारखान्याला मिळतं ते प्रोत्साहन. घरी तूट आली की मी नालायक. सरकार मात्र तुटीचं लक्ष्य आधीच जाहीर करतं आणि ते गाठलं की मथळा होतो. मीही एकदा महिन्याच्या एक तारखेला तुटीचं लक्ष्य जाहीर करून पाहिलं. अर्थसंकल्प मांडायच्या आतच पडला. २०२० मध्ये सलग दोन तिमाह्या अर्थव्यवस्था आक्रसली तेव्हा तिला 'तांत्रिक मंदी' म्हणत होते. त्याच सुमारास भाच्याची नोकरी गेली. मी त्याला धीर द्यायला म्हणालो, "अरे, तांत्रिक आहे." तो म्हणाला, "मामा, हप्ता मात्र खरा आहे." त्यानंतर त्याच्यासमोर मी अर्थपान उघडलेलं नाही.

असो. त्या दिवशी वहीवरून शेवटी मागणी आली, की घरखर्चाचे पैसे वाढवा. मी म्हणालो, "दर तर नीचांकावर आहे." ती काही बोलली नाही.

दुपारी ताटात वरण आलं. वाटीचा तळ स्वच्छ दिसत होता. मी विचारलं, "डाळ कमी केलीस?"

"छे," ती म्हणाली, "घट्ट होण्याचा वेग मंदावलाय."