लाखांत बोलणारे स्कोअरभाऊ

मुकुंदवाडीत लाखाच्या खाली न बोलणारी माणसं दोनच प्रकारची : प्लॉटचे एजंट आणि स्कोअरभाऊ. एजंट निदान चुन्याची फक्की मारलेली जागा तरी दाखवतो. स्कोअरभाऊ मोबाइलचा पडदा दाखवतात. "सात लाख वीस हजार आलाय!" हे ऐकून टपरीवरचा एखादा नवखा हमखास विचारतो, "किती स्क्वेअर फूट?"

दिवसा भाऊ चिकलठाणा एमआयडीसीत क्वालिटी खात्यात असतात. संध्याकाळी जालना रोडच्या कडेला चहाच्या टपरीवर त्यांचा मोफत सल्ला सुरू होतो. बजेट पंधरा ते वीस हजार असलं की माणूस त्यांच्याच हाती सापडतो. माणूस काय काम करतो, हे भाऊ विचारत नाहीत. दहावीच्या टक्क्यांवरून जावई पसंत करावा, तसा ते अँटुटूच्या आकड्यावरून फोन पसंत करतात.

आकड्यासाठी त्यांची तयारीही जोरदार. मे महिन्यात ते फोन कुलरच्या जाळीला टेकवून चाचणी चालवतात आणि घरची मंडळी मागे वहीने वारा घेत बसतात. यात शास्त्र आहे, हे मान्य करायला हवं. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. गार ठेवला तर आकडा वाढतो. फक्त जालना रोडवर भर दुपारी मॅप लावून गाडी चालवणाऱ्याच्या हँडलला कुलर नसतो. तीच चाचणी खिशातून काढलेल्या गरम फोनवर लागोपाठ तीनदा चालवली, तर तिसऱ्या वेळचा आकडा जास्त खरं बोलतो. भाऊ पहिलाच स्क्रीनशॉट जपून ठेवतात.

गेल्या उन्हाळ्यात एमआयडीसीच्या पोरांची मेस चालवणाऱ्या काकू त्यांच्याकडे आल्या. अठरा हजारांत दोन फोन होते. एकाचा आकडा सात लाख वीस हजार, रॅम 6 जीबी. दुसऱ्याचा सहा लाख, रॅम 8 जीबी. "काकू, डोळे झाकून पहिला घ्या. एक लाख वीस हजारांचा फरक आहे!" भाऊंनी निकाल दिला.

काकू हिशेबाच्या पक्क्या. त्यांनी विचारलं, "हे एक लाख वीस हजार कुठून आले, ते सांग." भाऊंनी आकडा उघडला. अँटुटूची बेरीज चार खात्यांची असते : सीपीयू, जीपीयू, मेमरी आणि रोजच्या वापराचा अंदाज देणारं यूएक्स. फरकातले एक लाख एकट्या जीपीयूचे निघाले. हा भाग प्रामुख्याने गेमच्या कामाचा. काकूंच्या फोनवर नातवाच्या लुडोपलीकडे खेळ नाही. ॲप उघडताना खरं काम पडतं ते सीपीयूला, आणि तिथे दोन्ही फोन जवळजवळ सारखे.

रॅमचं दुखणं तर या बेरजेत नीट दिसतच नाही, कारण चाचणीच्या वेळी बाकीची ॲप बंद असतात. काकूंकडे रात्री आठला यूट्यूबवर भाजी शिजत असते, व्हॉट्सॲपवर "आज जेवायला नाही" येत असतं आणि दारात पोरगा "काकू, पैसे आले का?" म्हणून उभा असतो. रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागची ॲप गुपचूप बंद करतं. मग पैशांचं ॲप पहिल्यापासून उघडतं, पुन्हा पिन मागतं, आणि मागची रांग वाढते.

"व्हर्च्युअल रॅम लावून देतो की!" भाऊंनी शेवटचा बाण काढला. ती रॅम म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा, आणि स्टोरेज खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी हळू. काकूंनी सहा लाखवाला घेतला.

आकड्यावर एवढा जीव टाकणाऱ्या भाऊंना 2021 च्या गोष्टीची आठवण करून दिलेली आवडत नाही. त्या वर्षी वनप्लस 9 प्रो हा फोन क्रोमसारख्या रोजच्या लोकप्रिय ॲपना प्रोसेसरचा पूर्ण जोर देत नाही, चाचणीच्या ॲपना मात्र देतो, असं आनंदटेकच्या तपासणीत दिसलं. कंपनीचं म्हणणं, बॅटरी वाचावी म्हणून. गीकबेंचने वनप्लस 9 आणि 9 प्रो हे दोन्ही फोन आपल्या यादीतून काढून टाकले. भाऊ यावर चहाचा दुसरा कप मागवतात आणि विषय बदलतात.

पैठण गेटला फोन घ्यायला जाल तेव्हा डेमोच्या फोनवर पाच मिनिटं कॅमेऱ्याने व्हिडिओ काढा. तो गरम झाला की सात-आठ ॲप एकामागून एक उघडा आणि पहिल्या ॲपवर परत या. ते होतं तिथूनच सुरू झालं, तर फोन कामाचा. पहिल्यापासून उघडलं, तर पुढचा फोन मागा. तेवढ्यात शेजारी कुणी लाखांत बोलू लागलं, तर त्याला एवढंच विचारा, "अँटुटूचं व्हर्जन कोणतं?" नव्या व्हर्जनचा आकडा जुन्याशी तोलता येत नाही, आणि भाऊ गेली काही वर्षं तेच करत आलेत.