बारा अंड्यांचा हिशेब

एग फ्रीझिंगच्या जाहिरातीतली बाई कायम हसत असते. हातात कॉफी, मागे समुद्र. पोटावर सुयांचे निळे डाग मात्र तिला कधी पडत नाहीत. खरी बाई पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस रोज ठरल्या वेळी पोटात हार्मोनचं इंजेक्शन टोचून घेते आणि दर दोन-तीन दिवसांनी ऑफिसला थाप मारून सोनोग्राफीला पळते. शेवटचं इंजेक्शन दिल्यावर सुमारे छत्तीस तासांनी तिला भूल देऊन योनिमार्गातून सुईने बीजं काढतात. पोट फुगणं चालायचंच. पण वजन भराभर वाढलं, धाप लागली, लघवी कमी झाली, तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही.

आता हिशेब. समजा, बाई छत्तीसची आहे आणि बारा बीजं निघाली. घरी पेढे वाटू नयेत. त्यातली पक्व साधारण नऊ, गोठवतात तेवढीच. पुढे कधीतरी वितळवताना एखादं-दुसरं जातं, उरली आठ. शुक्रजंतूशी जमलं तर पाच-सहा फळतात आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत तगणारे गर्भ दोन-तीन. त्यातला प्रत्येक रुजेलच, रुजला तर टिकेलच, असंही नाही. म्हणजे डझनभर बीजांतून एक बाळ, तेही नशिबाने. न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन केंद्राने पंधरा वर्षांचा अनुभव २०२२ मध्ये मांडला. गोठवताना बायकांचं सरासरी वय अडतीस, आणि बीजं वापरायला परतलेल्यांपैकी ३९ टक्क्यांच्या पदरात मूल. अडतिशीच्या आत गोठवून वीस किंवा जास्त बीजं वितळवलेल्यांत हाच आकडा ७० टक्के. जाहिरातीत कोणता आकडा येतो, हे सांगायला हवं का?

वीस बीजं एका खेपेत मिळणं छत्तिशीत अवघडच, म्हणून दुसरी खेप. आपल्याकडे एका खेपेला औषधांसह दीड-दोन लाख सहज जातात, वर दरसालचं साठवणीचं भाडं. वापरायच्या वेळी वितळवणं, फलन, गर्भ सोडणं यांचं बिल वेगळं. ते ‘पॅकेज’मध्ये नसतं. बीज छत्तीसचं राहतं, गर्भाशय, रक्तदाब आणि साखर मात्र वाढदिवस साजरे करत पुढे जातात. शिवाय २०२१ च्या कायद्याने साठवण दहाच वर्षं, आणि पन्नाशीनंतर उपचार बंद.

गंमत अशी की तिशीत बीजं चांगली असतात, तेव्हा पगार फ्लॅटच्या हप्त्यात जातो. पैसे हाताशी येतात तेव्हा एएमएचचा रिपोर्ट तोंड फिरवतो.

तरी करायचंच असेल तर जरूर करा, तिशीच्या पूर्वार्धात केलेलं बरं. फक्त क्लिनिकला विचारा : तुमच्याकडे गोठवलेली बीजं वापरायला आजवर किती बायका परत आल्या आणि त्यांना मुलं किती झाली? उत्तराऐवजी ईएमआयचा तक्ता पुढे सरकला, तर पर्स उचलायची.