सर्वत्र

आमच्याकडच्या एका पीजीच्या विद्यार्थिनीचा पेपर रिव्ह्यूअरने परत पाठवला. पुरुष अधिक स्त्रिया ही बेरीज ११८ भरते आणि एकूण मात्र १२० लिहिलेत, हे त्याने पकडलं होतं. शोधाअंती दोन पेशंट दोनदा नोंदलेले निघाले. आता पेपर सुधारायचा आणि सोबत बदलांचा तक्ता जोडायचा: जुना आकडा, नवा आकडा, कारण, पान, ओळ. मी स्टॅटिस्टिक्सवाला, म्हणून ती तक्ता दाखवायला आली. त्यात एकच ओळ होती. जुना १२०, नवा ११८, ठिकाण: सर्वत्र.

देवाचा पत्ता म्हणून हे चाललं असतं. रिव्ह्यूअरला पान लागतं.

"सर, रिप्लेस ऑल केलंय ना!"

केलं होतंच. त्यामुळे १२०/८० हे निरोगी रक्तदाब ११८/८० झाले होते आणि संदर्भसूचीतलं पान ११२० दोन पानं मागे सरकून १११८ वर गेलं होतं. उलट जिथे बदल हवा तिथे मात्र जुनंच होतं. वाक्याच्या सुरुवातीला आकडा अक्षरी लिहितात, तो शोधात सापडत नाही. फ्लोचार्ट म्हणजे चिकटवलेलं चित्र, त्यातल्या चौकटीत १२० मजेत बसलेले.

शिवाय एकूण बदललं की टक्केही बदलतात. आधी १२० पैकी ७८ जणांना अ‍ॅनिमिया, म्हणजे ६५.० टक्के. दुबार नोंदींपैकी एक अ‍ॅनिमियाची होती, म्हणून आता ११८ पैकी ७७, म्हणजे ६५.३. उरलेले ४२ चे ४१ झाले आणि ३५.० चे ३४.७. या प्रत्येक आकड्याला तक्त्यात स्वतंत्र ओळ, आणि तो अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये, निष्कर्षांत, तक्ता दोनमध्ये असा जिथे जिथे आहे, तिथली प्रत्येक जागा. मी आणखी काही ओळी घालायला लावल्या: 'तपासले, बदल नाही'. त्यात रक्तदाब, आणि चर्चेतलं 'सुमारे दोन तृतीयांश', जे आधीही खरं होतं आणि आताही आहे. हे लिहिलं नाही तर रिव्ह्यूअर हमखास विचारतो, "हे राहिलं का?"

पान-ओळ तिने उत्साहाने आधीच भरली होती. मग दुबार नोंदींचा खुलासा पद्धतीच्या भागात घातला आणि त्याखालच्या सगळ्या ओळी घसरल्या. हा रकाना सगळ्यात शेवटी भरायचा. तोही कोणत्या प्रतीवरून, खाडाखोडीच्या की स्वच्छ, हे वर लिहून. दोन्हींच्या ओळी जुळत नाहीत.

तक्ता दोन पानी झाला. तिच्या गाइडांनी सही करण्यापूर्वी चष्मा वर करून वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"पेशंट कमी होऊन टक्का वाढला?"

"हो सर."

"मग अजून दोन-चार डुप्लिकेट मिळतात का बघ की."