रिफंडाची गोड बातमी

जुलै लागला की नोकरदार घरात एक यादी तयार होते. फॉर्म १६, व्याजाचा दाखला, गृहकर्जाचा दाखला, विम्याची पावती. आलं त्यापुढे बरोबरची खूण, नाही आलं त्यापुढे फुली. यादी नीटनेटकी असते, आणि माझ्या मते ती चुकीच्या टोकापासून केलेली असते. आठवणीतून केलेल्या यादीत आठवतात तेच कागद येतात, आणि जो कागद आठवतो तो फार दूर गेलेला नसतोच. त्याच्यासाठी एचआरला तीन मेल जाऊन पडलेले असतात. खरा बेपत्ता कागद तो, जो यादीतच नाही. म्हणून यादी कागदांची न करता पैशांची करावी. एक एप्रिल ते एकतीस मार्च असं बँकेचं स्टेटमेंट समोर घ्यायचं आणि जमा झालेल्या प्रत्येक रकमेला विचारायचं, ‘बाई, तुझा कागद कुठाय?’

हे म्हणणं अतिरेकी वाटेल, म्हणून एक हिशेब मांडतो. आर्थिक वर्ष २०२४-२५. महिना एक लाख पगाराचा एक सद्गृहस्थ, करप्रणाली नवी. सप्टेंबरअखेर त्याने नोकरी बदलली. पगार तेवढाच, खुर्ची जरा बरी. वर्षाचे बारा लाख, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरले सव्वाअकरा लाख, आणि त्यावर उपकरासह कर ७१,५०० रुपये. पहिल्या कंपनीने वर्षभराचा अंदाज धरून सहा महिन्यांत निम्मा, म्हणजे ३५,७५० रुपये कापला. नव्या कंपनीला मात्र जुन्या पगाराचा पत्ता नाही, कारण नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी फॉर्म १२बी भरण्यापेक्षा कॉफीचं मशीन शोधणं जास्त तातडीचं असतं. तिच्या लेखी या माणसाचं वर्षाचं उत्पन्न सहा लाख. वजावटीनंतर ते सात लाखांच्या आत येतं, सवलत लागू होते, कर शून्य. म्हणून तिने काहीच कापलं नाही. आणि कर कापलाच नसेल तर फॉर्म १६ देण्याचं बंधन कंपनीवर नाही.

आता यादी बघा. ‘फॉर्म १६’ असं एकवचनी लिहिलेलं, पुढे बरोबरची खूण. त्या एकाच कागदावर रिटर्न भरलं तर उत्पन्न सव्वापाच लाख, कर शून्य आणि कापलेले ३५,७५० रुपये परत! घरात पेढे येतात. प्रत्यक्षात त्याच्याकडूनच बरोबर ३५,७५० रुपये येणं आहे. रक्कम तीच, फक्त दिशा उलटी. जो कागद कधी येणारच नव्हता त्याची वाट कोण बघणार? पण स्टेटमेंटमध्ये पगाराच्या बारा नोंदी आणि फॉर्म १६ वर नोकरीचा कालावधी एप्रिल ते सप्टेंबर, एवढं शेजारी ठेवलं की पेढ्यांची ऑर्डर थांबते. दुसऱ्या सहामाहीसाठी फॉर्म १६ च हवा असंही नाही; त्या महिन्यांच्या सॅलरी स्लिपांवर काम भागतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पोर्टलवर एआयएस असताना हा खटाटोप कशाला? एआयएस जरूर बघावं, आधी बघावं. पण त्यात दिसतं ते इतरांनी आपल्याबद्दल खात्याला कळवलेलं. भाडेकरूने दरमहा दिलेले पैसे तिथे दिसतीलच असं नाही, कारण भाडेकरू चहाडखोर नसतो. उलट एखादी रक्कम दोनदाही दिसते, आणि ती दुहेरी आहे असं तिथेच कळवायची सोय आहे. पण दुहेरी कुठली हे सांगायलाही आपली यादी हातात लागते. दुसरा आक्षेप, ‘आमचे सीए बघतात.’ सीए बघतात, पण आपण दिलेलं बघतात. नोकरी बदलल्याचं त्यांना आपण लिंक्डइनवर कळवलेलं असतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात लाडका: मुदत वाढतेच. खरंय, त्या वर्षाची ३१ जुलै २०२५ ची मुदत आधी १५ सप्टेंबरवर गेली आणि मग आणखी एक दिवस पुढे सरकली. पण वाढली ती रिटर्न भरायची मुदत. वर्षभरात भरायला हवा होता तो कर कमी पडला, त्याचं कलम २३४बी खालचं व्याज एप्रिलपासूनच महिना एक टक्क्याने चालू असतं. आपल्या सद्गृहस्थाला ते महिन्याला ३५७ रुपये पडतं, आणि मुदतवाढीच्या आनंदात ऑगस्ट-सप्टेंबर निवांत घालवले तर त्या निवांतपणाचे ७१४. तेवढ्यात एक किलो पेढे आले असते.