तोट्यातल्या साखरेची कैफियत

आमच्या भागातलं सुपरमार्केट साखर तोट्यात विकतं आणि त्याबद्दल माझी तक्रार आहे. महाग झालं म्हणून ओरडणारे पुष्कळ असतात. स्वस्त मिळतं म्हणून ओरडणारा वॉर्डात मी एकटाच असेन, तेव्हा तक्रार जरा सविस्तर मांडलेली बरी.

साखर 29 रुपये किलो, एका बिलावर दोन किलोच. हा भाव तोट्याचा आहे हे ओळखायला सीए लागत नाही. कारखान्याने किलोला 31 रुपयांच्या खाली साखर विकायची नाही, असं केंद्र सरकारने फेब्रुवारी 2019 मध्ये ठरवून दिलं. उसाचे पैसे थकू नयेत हा त्यामागचा हेतू. त्यावर जीएसटी, ट्रकभाडं, हमाली आणि पाकीट धरलं तर दुकानात पडेपर्यंत साखर चाळिशीला टेकते, असं आमचे वाणीशेठ सांगतात. म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्याने साखर 29 ला विकली तर तो नियमभंग, आणि आमच्या चौकातल्या दुकानाने विकली तर ती ऑफर.

धंद्यातले लोक अशा मालाला लॉस लीडर म्हणतात. यासाठी कुठलाही माल चालत नाही. ज्याचा भाव घराघरात तोंडपाठ आहे, असाच लागतो: साखर, कांदे, नारळ, गोडेतेल. जिऱ्याचा किंवा फरशी पुसायच्या मॉपचा भाव कुणाला विचारा, सगळे एकमेकांकडे बघतील. साखर स्वस्त दिसली की माणूस मनाशी ठरवून टाकतो की इथे सगळंच स्वस्त असणार, आणि बाकीचे भाव बघायचं सोडून देतो. दुकानाने किलोमागे 11 रुपये मोजून विकत घेतलेली वस्तू ती हीच, आमचं न बघणं.

ही साखर दुकानाच्या पार आतल्या कोपऱ्यात असते. तिच्यापर्यंत जायचं तर बिस्किटं, फरसाण, टॉवेल आणि प्लास्टिकचे डबे असा चारधाम करावा लागतो. ट्रॉलीचं एक चाक नेहमी फरसाणाकडे ओढतं; हा योगायोग आहे, असं मी अजूनही मानतो. मागच्या खेपेला माझं बिल 1,158 रुपये झालं. त्यात साखर 58 ची आणि उरलेले 1,100 रुपये वाटेत भेटलेल्यांचे. या 1,100 वर दुकानाला सरासरी 15 टक्के सुटतात असं धरा, म्हणजे 165 झाले. त्यातून साखरेतला 22 रुपयांचा तोटा वजा केला तरी 143 उरतात. मी 22 रुपये वाचवून त्यांना 143 मिळवून दिले आणि वर काउंटरवर ‘थँक्यू’ही मीच म्हणालो.

दुकानाची अडचण होते ती आमच्या मजल्यावरच्या निवृत्त काकांसारख्या माणसांमुळे. काका घरून पिशवी नेतात, मान वर न करता साखरेपर्यंत जातात, दोन किलो घेतात आणि तसेच परत येतात. असं गिऱ्हाईक आलं की दुकानाला निव्वळ 22 रुपयांचा खड्डा. म्हणून तर दोन किलोची मर्यादा आहे. साखर नासत नाही. मर्यादा नसती तर काकांनी दिवाळीपर्यंतचं पोतं भरून ठेवलं असतं. एकाच घरातून चार जण येऊ नयेत म्हणून काउंटरवर मोबाइल नंबर विचारतात. मग ओटीपी येतो. रांगेतल्या मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी तो सांगतो. बँक ज्याबद्दल वर्षभर मेसेज पाठवून बजावते, ते मी साखरेपायी रोज करायला तयार असतो.

इथवर माझी काही तक्रार नाही. मोह मला झाला, पैसे माझे गेले, हिशेब मिटला. खरी तक्रार पुढे आहे. ज्यांना मोह होत नाही, त्यांच्याकडूनही हे दुकान पैसे काढतं.

झिजुन चेन आणि पॅट्रिक रे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2012 मध्ये यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातलं गणित मी आमच्या चौकापुरतं मांडतो. वाण्याकडे साखर 42 ला मिळते. डब्यांचा सेट मात्र आसपास फक्त सुपरमार्केटमध्ये आहे. समजा, सुपरमार्केटने साखर 40 ला आणि सेट 100 ला लावला, तर दोन्ही मिळून 140 होतात. आता साखर 29 ला आणि सेट 111 ला केला, तरी एकूण 140 च. दोन्ही वस्तू तिथेच घेणाऱ्याला ना नफा ना तोटा. साखर स्वस्त मिळाल्याचं समाधान तेवढं वरकड.

पण जो माणूस वाण्याशी इमान राखून साखर त्याच्याकडूनच घेतो आणि सुपरमार्केटमध्ये फक्त डब्यांपुरता जातो, त्याचं काय? त्याचा खर्च आधी 142 होता, आता 153 झाला. थोडक्यात, साखरेवर दिसणारी ही 11 रुपयांची सूट प्रत्यक्षात वाण्याकडे जाणाऱ्यांना केलेला 11 रुपयांचा दंड आहे. दुकानाला वाण्याचं दुकान बंद पाडायचंही नसतं. दोन दुकानं फिरायला ज्यांना सवड आहे ती माणसं कोणती, हे त्याला वाण्यामुळेच कळतं. निबंधातला हा भाग मी वाणीशेठना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि मागची उधारी विचारली.

तक्रार न्यायची कुठे, हाही प्रश्नच आहे. फ्रान्समध्ये व्यापाऱ्याने खरेदी किमतीच्या खाली माल विकायला 1963 पासून बंदी आहे. आपल्याकडे 2002 चा स्पर्धा कायदा आहे. त्याच्या कलम 4 नुसार प्रतिस्पर्ध्याला संपवण्यासाठी किंमत खर्चाखाली आणणं गैर ठरतं. पण ते करणारा बाजारात वर्चस्व असलेला हवा. आमच्या सुपरमार्केटचं वर्चस्व आहे ते आमच्या चौकात, आणि चौक म्हणजे बाजार हे आयोगाला पटवून द्यायचं तर त्याआधी वकील पटवावा लागेल. त्याची फी साखरेच्या भावात बसत नाही.

उपाय म्हणून मी काकांचा मार्ग धरून पाहिला. फक्त साखर घ्यायची आणि निघायचं. निघताना ही म्हणाली, “जाताच आहात तर भांड्यांचा साबण आणा.” साबणाचा भाव मला ठाऊक नव्हता. तिलाही नव्हता.

या सगळ्या व्यवहारात फायद्यात राहिलेला एकच माणूस मला सापडला, तो म्हणजे आमचे वाणीशेठ. घाऊक बाजारात साखर चाळीसला पडते आणि समोर 29 ला मिळते, हे लक्षात आल्यावर ते स्वतः, त्यांचा मुलगा, सून आणि दुकानातली दोन पोरं वेगवेगळे मोबाइल घेऊन रांगेत उभी राहू लागली. ओटीपी सांगून आणलेली तीच साखर ते मला 42 ला विकतात आणि घरपोच देतात. मीही ती मुकाट्याने घेतो, कारण ती दारात येताना सोबत डब्यांचा सेट येत नाही.

सुपरमार्केटबद्दल वाणीशेठचीही एक तक्रार आहेच. त्यांचं म्हणणं, धंद्याला बसलेल्या माणसाने दोन किलोची मर्यादा घालणं काही बरं दिसत नाही.