प्रत : संबंधित कार्यालय

‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने आपण संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा.’

हे वाक्य असलेला कागद बुलढाणा जिल्ह्यात ज्या घरात सापडणार नाही, त्या घरात एक तर कुणी कधी अर्ज केलेला नाही किंवा कागद जपून ठेवायची सवय नाही. त्यामुळे या वाक्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अर्ज चुकीच्या टेबलावर जातो, टेबल तसं कळवतं, इथवर सगळं रीतसर आहे. माझं डोकं फिरवलं ते पत्राच्या तळाशी, सहीच्या खाली डाव्या कोपऱ्यात टंकलेल्या ओळीनं : ‘प्रत : संबंधित कार्यालय यांना माहितीस्तव व पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर.’

पुन्हा वाचा. संबंधित कार्यालय कोणतं, ते अर्जदाराला सांगितलेलं नाही. पण त्या कार्यालयाला प्रत मात्र गेली आहे, आणि सविनय गेली आहे.

हे पत्र मला दाखवायला आणलं ते आमच्याकडच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी. त्यांच्या गावच्या रपट्यावरून पावसाळ्यात पाणी जातं, आणि पाणी उतरलं की रपटाही थोडा उतरलेला असतो. त्याच्या दुरुस्तीसाठी त्यांनी अर्ज केला होता. मास्तरांना रपट्यापेक्षा पाकिटाची काळजी जास्त. म्हणाले, “भाऊ, अख्खी नोकरी टपालात गेली. अपुऱ्या पत्त्याचं टपाल लय पाह्यलं. पन ज्याले पत्ताच नाही अन् तरी जे रवाना झालं, असं पयल्यांदाच पाह्यतो. पिनकोड काय टाकला असन?”

प्रश्न बिनतोड आहे. पत्ता लागला नाही तर टपाल पाठवणाऱ्याकडे परत येतं, आणि पाठवणाऱ्याचाही पत्ता नसेल तर पाकीट उघडून बघणारं टपाल खात्याचं वेगळं कार्यालय असतं. इथं तसं काहीच झालेलं दिसत नाही. म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर बसलेल्या कुणी तरी पाकीट घेतलं, डिंक लावला, वर ‘प्रति, संबंधित कार्यालय’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, ४४३००१ टाकलं आणि ते पोहोचलं. आता हे कार्यालय असेल तरी कुठं? बुलढाण्यात असावं म्हणावं तर बस स्टँडवरच्या रिक्षावाल्याला ते माहीत नाही, आणि त्याला माहीत नाही असं कार्यालय शहरात असणं अवघड आहे. घाटाखाली असेल तर खामगावात, मलकापुरात त्याची पाटी कुणाच्या तरी नजरेला पडली असती. मग ते घाटातच कुठं तरी असणार. बोथ्याच्या जंगलात, झाडीच्या आड, जिथं जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांतून ‘माहितीस्तव’ म्हणून रवाना झालेल्या प्रती येऊन पडतात. तिथं एक शिपाई असेल. त्याची बदली होत नसणार, कारण बदलीचा आदेशही ‘संबंधित कर्मचारी’ याच नावानं निघाला असेल आणि तो त्यानंच उघडून फाइलला लावला असेल. जिल्ह्यातल्या यच्चयावत रपट्यांची, मोऱ्यांची, विजेच्या खांबांची, फेरफारांची आणि पेन्शनीची माहिती त्या एका माणसाकडे आहे. बिबट्या रात्री खिडकीशी येऊन जात असेल, पण त्यालाही तो सांगत असेल की ही बाब इथली नाही. अक्षय्य तृतीयेला भेंडवळला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिचं भाकीत ऐकायला गावोगावचे लोक जमतात. पाऊस कसा, पीक कसं, राजा कसा, सगळं सांगितलं जातं. त्या घटात एक दाणा या कार्यालयाच्या नावाचाही ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

असो. मास्तरांनी उत्तर लिहिलं. अशा पत्राला उत्तर द्यायचं असतं, हेच पुष्कळांना माहीत नाही. ते चिडून पत्र फाडतात किंवा त्याची झेरॉक्स काढून पालकमंत्र्यांपासून सगळ्यांना पाठवतात. दुसरा प्रकार तर पत्र फाडण्याहून वाईट. कारण सहा जणांना गेलेला अर्ज बघून सहाही जण समजतात की उरलेल्या पाचांपैकी कुणी तरी बघत असेल. मास्तरांचं पत्र असं होतं :

‘आपले पत्र जा.क्र. अमुक, दिनांक अमुक, मिळाले. सदर रपटा आपल्या अखत्यारीत येत नसल्याचे कळविल्याबद्दल आभारी आहे. आपल्या पत्राची प्रत संबंधित कार्यालयास पाठविल्याचे पत्राच्या तळाशी नमूद आहे. तरी सदर कार्यालयाचे नाव, तेथील अधिकाऱ्याचे पदनाम व पत्ता कळवावा, ही नम्र विनंती. सोबत : आपल्या पत्राची छायांकित प्रत.’

यात भांडण नाही, हे बघा. ‘रपटा तुमचाच आहे’ असं म्हटलं की समोरचा तो आपला नसल्याचे पुरावे गोळा करायला लागतो आणि त्यातच वर्ष सरतं. त्यांचं म्हणणं मान्य करून टाकलं की त्यांच्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट उरते. दुसरं म्हणजे जावक क्रमांक. तो पहिल्याच ओळीत हवा. नाही तर तुमचं उत्तर आवकमध्ये नवा अर्ज म्हणून चढतं, नव्या टेबलावर जातं आणि तिथून तेच जुनं वाक्य तुम्हाला परत येतं. आणि विचारायचं ते पदनाम, साहेबांचं नाव नव्हे. नाव विचारून पत्र लिहावं, तर ते पोहोचेपर्यंत साहेब गडचिरोलीला गेलेले असतात.

उत्तर आलं, तेही वेळेत. ‘आपण मागितलेली माहिती या कार्यालयाशी संबंधित नसल्याने आपण संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा. प्रत : संबंधित कार्यालय, माहितीस्तव.’

इथं माझं हसू संपलं. मास्तरांना पेन्शन आहे, वेळ आहे, शाई आहे, त्यांचं निभेल. पण संग्रामपूरकडचा माणूस घाटाखालून घाटावर येतो, तेव्हा त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते, एसटीला पैसे गेलेले असतात आणि परतीची गाडी चुकली तर रात्र स्टँडवर काढायची असते. तो टेबलापुढं टोपी काढून उभा राहतो आणि त्याला सांगतात, ‘हे आमच्याकडं नाही.’ बरं, नाही. मग कुणाकडं आहे? ते सांगणाऱ्याला ठाऊक असतं हो! ज्या टेबलाकडं ते काम आहे, त्या टेबलावरच्या माणसाबरोबर हा रोज चहा पितो, त्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा असतो. एक बोट तिकडं करायचं, ‘त्या दारातून जा, डावीकडं’, एवढंच. तेवढंही करत नाहीत, कारण बोट दाखवलं की आपण त्या कामात गुंतलो अशी भीती. आणि नम्रता मात्र सगळी अर्जदाराच्या वाट्याला. ‘महोदय’ त्यानं लिहायचं, ‘नम्र विनंती’ त्यानं करायची, ‘आपला विश्वासू’ त्यानं व्हायचं. तिकडून काय येतं? ‘कळविण्यात येते.’ कोण कळवतं? कुणीच नाही. ते आपोआप कळविण्यात येतं, जसा रपटा आपोआप वाहून जातो.

तर, मास्तर. त्यांनी तिसरं पत्र साधं लिहिलं नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चं जोडपत्र ‘अ’ आणलं, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप चिकटवला आणि बसले. फरक इथं आहे. साध्या निवेदनावर ‘आमचं नाही’ म्हणून सुटता येतं. माहिती अधिकाराच्या अर्जावर तसं सुटता येत नाही. मागितलेली माहिती दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे असेल, तर कलम ६(३) प्रमाणे तो अर्ज, किंवा त्याचा तेवढा भाग, त्यांनीच तिकडं पाठवायचा, जास्तीत जास्त पाच दिवसांत, आणि कुठं पाठवला ते अर्जदाराला कळवायचं. पत्ता शोधण्याचं काम कायद्यानं अर्जदाराच्या डोक्यावरून उचलून टेबलावर ठेवलं आहे. वीस वर्षं झाली, टेबलाला अजून पत्ता नाही.

पण मास्तरांची खरी हुशारी पुढं आहे. ‘रपटा कुणाचा?’ असं त्यांनी विचारलंच नाही. या कायद्यात कागदावर असलेली माहिती मिळते. मत, खुलासा, ‘जबाबदार कोण’ असले प्रश्न विचारले की ‘हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर तयारच असतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. मास्तरांना तेवढेही लागले नाहीत. त्यांनी लिहिलं : ‘आपल्या दोन्ही पत्रांच्या प्रती ज्या संबंधित कार्यालयास पाठविल्या, त्यांच्या नोंदी असलेल्या जावक नोंदवहीच्या पानांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’

आता पंचाईत. जावक नोंदवही त्याच कार्यालयाच्या कपाटात. ती आमची नाही असं म्हणता येईना, आणि कलम ६(३) लावून तिला दुसरीकडं पाठवावं तर कुठं पाठवायची? संबंधित कार्यालयाकडं? महिन्याची मुदत संपली असती तर तीस दिवसांत प्रथम अपील होतंच. त्यासाठी मास्तरांनी वीस रुपयांचा स्टँपही आणून ठेवला होता, आणि विनाकारण उशिराबद्दल माहिती अधिकाऱ्याला रोज अडीचशे रुपये, पंचवीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे कलम २० पानाला खूण करून ठेवलं होतं. त्यांची जरा निराशाच झाली. कारण मुदतीच्या आत पत्र आलं : प्रतिपान दोन रुपयांप्रमाणे दोन पानांचे चार रुपये भरावेत.

मास्तरांनी चार रुपये भरले आणि पानं घेऊन माझ्याकडे आले. दोन्ही नोंदी अगदी व्यवस्थित होत्या. क्रमांक, दिनांक, विषय. ‘कोणास पाठविले’ या रकान्यात पहिल्या ओळीत मास्तरांचं नाव आणि गाव. खाली प्रतीसमोर : ‘स्थळप्रत, नस्तीस जोडली.’ दुसऱ्या नोंदीतही तेच. टपाल तिकिटाच्या रकान्यात प्रतीपुढं आडवी रेघ. पाकीट निघालंच नव्हतं. संबंधित कार्यालयाला गेलेली प्रत त्याच खोलीतल्या कपाटात, त्याच फाइलमध्ये, टाचणी मारून होती.

मी म्हटलं, “मास्तर, फसवलं की तुम्हाला.”

“फसवलं काऊन म्हनता?” ते म्हणाले. “प्रत संबंधित कार्यालयाले द्याची होती. दिली. आता सापडलं नं कार्यालय!” आणि खिशातून नवा अर्ज काढला. शुद्धलेखन तेवढं बघून द्या म्हणाले. ‘आपल्या जावक नोंदवहीवरून असे दिसते की, संबंधित कार्यालय म्हणून ज्या कार्यालयास प्रती देण्यात आल्या ते आपलेच कार्यालय आहे. नोंदवहीच्या पानांच्या साक्षांकित प्रती सोबत जोडल्या आहेत. तरी सदर रपट्याची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी व्हावी, ही नम्र विनंती.’

शुद्धलेखनात काही चूक नव्हती. फक्त शेवटी ‘प्रत :’ एवढंच लिहून पुढची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. विचारलं, तर म्हणाले, ती त्यांना भरू द्या.