काकाचा चार्ज

आमच्या हॉस्टेलात दिगंबरला दिगंबर म्हणणारे दोघंच होते, हजेरी घेणारे सर आणि महिन्यातून एकदा डबा घेऊन येणारी त्याची आई. बाकी सगळ्यांचा तो काका. वय २२, मिशी मात्र चाळिशीतली. इंजिनिअरिंगची चार वर्षं त्यानं थेंबाला तोंड लावलं नाही आणि तरी एकही बैठक त्याच्याशिवाय झाली नाही.

न पिणाऱ्या पोराला हॉस्टेलात दोनच पदं मिळतात. एक म्हणजे चखणामंत्री. हा कॉन्ट्री देत नाही, थम्सअपचा ग्लास घेऊन कोपऱ्यात बसतो आणि पहिला पेग भरून होईपर्यंत शेंगदाणे, कांदा-टोमॅटो आणि उकडलेली अंडी फस्त करतो. त्याला कोणी विचारत नाही आणि पी म्हणून आग्रहही करत नाही. तो आहे तसाच सगळ्यांना महागात पडत असतो. दुसरं पद काकाचं. त्या पदाला नाव नाही, पण खरं तर हॉस्टेल तेच चालवतं.

काकाचे वडील वसमतकडं तलाठी. दर बदलीला चार्ज द्यायचा आणि चार्ज घ्यायचा, हे त्या घरातलं मुख्य कर्मकांड. दप्तर, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या, सगळ्याची यादी करायची, खाली दोन सह्या घ्यायच्या आणि मगच गाव सोडायचं. घरात उलथनं सापडेना झालं तरी वडील विचारायचे, "चार्ज कोणाकडं होता?" अशा घरातून आलेलं पोर पार्टीत बसलं की काय होणार? मोटारसायकलींच्या चाव्या त्याच्या खिशात जमा, पैसे त्याच्या वहीत जमा, आणि रात्री साडेअकरानंतर माणसंही त्याच्याच खोलीत जमा.

माल आणायलाही तोच जायचा, कारण त्याच्या मिशीकडं पाहून वाईन शॉपवाला वय विचारत नसे. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि रम-व्हिस्कीला २५ वर्षं पूर्ण लागतात, शिवाय प्यायला परवाना लागतो, आणि एका दिवसाचा परवाना ५ रुपयांत मिळतो. हे सगळं काकानंच आम्हाला सांगितलं. आमच्या बैठकीतल्या अकरा जणांत रम प्यायला कायद्यानं लायक असा एकटा सुऱ्या होता. त्याला दोनदा वायडी लागला होता आणि तशातच त्यानं पंचविशी गाठली होती. नापास होण्याचा हा एवढाच एक फायदा आमच्या पाहण्यात आला. काका बाटलीच्या हिशेबाखाली 'परवाना रु. ५' असं न चुकता लिहायचा. त्यावर कॉन्ट्री देताना दर वेळी भांडण व्हायचं.

काकाला दारूचं ज्ञान नव्हतं असं मात्र कोणी समजू नये. पिणाऱ्या दहा जणांना मिळून नव्हतं तेवढं त्या एकट्याला होतं, कारण तो बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायचा. बिअर म्हणजे काय, बार्लीचं सरबत, हे वाक्य हॉस्टेलात वर्षातून पन्नासदा म्हटलं जातं. काका वही पुढं ओढायचा. स्ट्राँग बिअरची बाटली ६५० मिलीची, त्यात आठ टक्के अल्कोहोल, म्हणजे ५२ मिली. रम ४२.८ टक्के, म्हणजे ३० मिलीच्या पेगात जवळपास १३ मिली. "चार पेग झाले की रे तुझ्या सरबतात," असं म्हणून तो वही मिटायचा. गणितात एटीकेटी असलेल्यांनाही हे गणित कळायचं आणि म्हणूनच ते कोणाला आवडायचं नाही.

दुसरं त्याचं आवडतं कलम लिव्हरचं. लिव्हर साधारण तासाला एक लहान पेग निपटतं आणि त्याच्या कामात वशिला चालत नाही, असं तो म्हणायचा. लिंबू पिळा, काळी कॉफी पाजा, नळाखाली डोकं धरा, माणूस फक्त ओला आणि आंबट होतो. उतरायचा वेग तोच राहतो. तरी रात्री दोन वाजता पोरं लिंबं शोधत मेसच्या खिडकीतून आत शिरायचीच.

या कलमाचा प्रत्यय सेकंड इयरला मक्यानं दिला. परीक्षा संपली होती, पोटात सकाळच्या पोह्यांखेरीज काही नव्हतं, आणि त्यानं पैजेवर अख्खी हाफ, म्हणजे ३७५ मिली रम, अर्ध्या तासात संपवली. थोडा वेळ तो भाषण देत होता, मग कॉटवर आडवा झाला. झोपू द्या, सकाळी उतरेल, असं म्हणून आम्ही पत्ते काढले. काका मात्र त्याच्या उशाशी बसला. त्याचं म्हणणं, पोटातली अजून रक्तात उतरायची आहे, म्हणजे हा झोपेतही चढत चालला आहे. त्यानं मक्याला कुशीवर वळवलं, वरचा गुडघा मुडपून पुढं टेकवला आणि तोंड खाली कललेलं ठेवलं, म्हणजे ओकला तर बाहेर येईल, श्वासनळीत जाणार नाही. मग हाका मारल्या, जोरात चिमटा काढला, पण मक्या ढिम्म. बोटं गार पडलेली, आणि घोरणं मध्येच थांबायचं आणि बऱ्याच वेळानं परत सुरू व्हायचं. काकानं घड्याळ लावून श्वास मोजले आणि कोणाला न विचारता १०८ ला फोन केला. रेक्टरला कळेल म्हणून आम्ही त्याच्यावर धावून गेलो. "कळू द्या की," तो म्हणाला. मक्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला आणि काकाच्या वहीत नोंद सापडली: 'अँब्युलन्स – मोफत. शहाळी दोन – मक्याच्या नावे.'

आता सच्याकडं यावं लागेल. सच्या म्हणजे आग्रहाचा बादशहा. पूर्वी पंगतीत वाढपी जिलबीचा आग्रह करायचे आणि पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून वाढायचे. त्या घराण्याची गादी हल्ली सच्यासारख्यांकडं आहे. त्याच्याकडं चढत्या भाजणीनं अस्त्रं होती. आधी "नुसता वास घे," मग "एक घोट, माझ्यासाठी," मग "भाऊ मानतोस ना?", मग स्वतःच्या गळ्याला हात लावून शपथ आणि शेवटी "राहू दे, त्याच्यात दम नाही." सेकंड इयरची निम्मी पोरं पहिल्या दोन अस्त्रांतच पडायची. काकावर चार वर्षांत पाचही अस्त्रं वाया गेली होती आणि सच्याला ते लागून राहिलं होतं.

हे प्रेम होतं असं सच्या म्हणायचा. मला तसं वाटत नाही. न पिणारा माणूस हा दुसऱ्या दिवशीचा साक्षीदार असतो. रात्री कोण रडलं, कोण कोणाच्या पाया पडलं, जुन्या मैत्रिणीला कोणी फोन लावला, हे सगळं सकाळी एकट्या त्यालाच आठवत असतं. काका कधी बोलून दाखवायचा नाही, पण सकाळी चहाच्या टपरीवर चाव्या परत देताना जो बघायचा, ते बघणं सच्याला सहन व्हायचं नाही. साक्षीदाराला आरोपी करून टाकायचं एवढाच त्या आग्रहाचा अर्थ होता.

फेअरवेलच्या रात्री आम्ही गच्चीवर बसलो होतो. ज्युनिअरांनी दिलेले हार अजून गळ्यात होते. दुसरा पेग संपत आला तसा सच्या उठला आणि ग्लास भरून काकासमोर धरला.

"आज नाही म्हणायचं नाही. उद्या कोण कुठं असेल, कोणास ठाऊक."

नित्यानं लगेच डोळे पुसले. मग सगळेच सुरू झाले. "काका, एकदाच!" "लेका, चार वर्षं आमचं बघितलंस, आज आमच्यासोबत बस." सुऱ्यानं तर काकाचे पाय धरले, पण तो दुसऱ्या पेगनंतर कोणाचेही धरायचा.

काकानं शांतपणे सगळ्यांकडं पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "घेतो. पण चार्ज कोणाकडं देऊ?"

आधी आम्हाला विनोद वाटला. मग त्यानं वहीतून घडी घातलेला फुलस्केप कागद काढला. त्याला अंदाज होताच. तो वाचू लागला आणि गच्चीवरचा आवाज कमी कमी होत गेला.

"एक. मोटारसायकलच्या चाव्या चार. रात्री कोणीही मागितल्या, रडून मागितल्या, तरी द्यायच्या नाहीत. दोन. नित्याचा मोबाईल. तिसऱ्या पेगनंतर तो तिला फोन लावतो. तिचा साखरपुडा झालाय, आता फोन तिचा भाऊ उचलतो. तीन. रोख सहाशे चाळीस आणि उद्याची अंडाभुर्जीची उधारी. चार. निळी बादली. पाच. मक्या. त्याला कठड्यावर चढून भाषण करायचं असतं. सहा. झोपलेल्याला कुशीवर वळवायचं आणि अर्ध्या अर्ध्या तासाला हाक मारून बघायची. सात. रेक्टर वर आले तर खाली जाऊन बोलायचं, आणि बोलताना त्यांच्यापासून चार फूट लांब उभं राहायचं." त्यानं मान वर केली. "घ्या. सही करा."

कोणी कागदाला हात लावेना. सुऱ्यानं पाय सोडले. एक जण म्हणाला, "राहू दे ना, काकाला आवडत नाही तर कशाला जबरदस्ती?" आग्रह असा एका मिनिटात ओसरलेला मी दुसऱ्यांदा पाहिला नाही.

पण सच्याची इज्जत अडकली होती. "आण इकडं," म्हणून त्यानं कागद ओढला आणि फर्रकन सही ठोकली.

काकानं घड्याळ पाहून सहीखाली वेळ टाकली, दहा वाजून पाच. मग खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण काढलं, सच्याच्या ग्लासातली रम आधी बाजूला केली आणि बाटलीतून १५ मिलीची दोन झाकणं मोजून घेतली. त्यात भरपूर पाणी. पहिल्या घोटाला त्याचं तोंड असं झालं की आम्ही टाळ्या पिटल्या.

"याच्यासाठी?" तो म्हणाला. "सेमिस्टरला माणशी अकराशे?"

सच्यानं स्वतःचा ग्लास उचलला तर दहा जण एकदम ओरडले, "चार्ज आहे तुझ्याकडं!" ग्लास खाली गेला.

पुढचा पाऊण तास मी सच्याचं तोंड पाहत बसलो होतो. नित्यानं साखरपुड्याची हकीकत त्याला तीनदा सांगितली, तिन्ही वेळा त्याच शब्दांत. सुऱ्या त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून गायला. कोणीतरी बादली मागितली आणि ती वेळेत पोचली नाही. सच्या पॅन्ट झटकत माझ्याकडं आला. "आपण रोज असंच बोलतो का रे?" त्याचा आवाज खरोखर चिंतेचा होता.

अकराला दहा कमी असताना तो काकासमोर कागद घेऊन उभा राहिला. काका भिंतीला टेकून शेंगदाणे सोलत होता. ग्लास निम्मा तसाच होता, पण कान लाल झाले होते.

"काका, चार्ज परत घे बाबा."

"जमत नाही. पोटात पेग गेलाय," काका म्हणाला. "उतरेपर्यंत मला चार्ज घेता येत नाही. नियम आहे."

"अरे, उतरायला किती वेळ?"

"ते नंतर बघू. मक्या कठड्याकडं चाललाय. यादीत पाच नंबरला आहे बघ."